रिकाम्या चौकटीचा अर्थ काय?

छायाचित्रांतील प्रश्नावल्या संगणकाच्या तक्त्यात उतरवताना 'नाही' आणि 'माहीत नाही' यांची गल्लत झाली, तर पाहणीचा निष्कर्षच उलटतो

- प्रतिनिधी

वस्तीत टँकर वेळेवर येत नाही, असे ७४ टक्के घरांचे म्हणणे असल्याचा निष्कर्ष एका पाहणीतून निघतो. त्याच प्रश्नावल्या दुसरी व्यक्ती मोजते, तेव्हा हे प्रमाण अवघे ५० टक्के भरते. कागद तेच, माणसे तीच आणि उत्तरेही तीच असताना इतकी तफावत कशी पडू शकते? कोणी मुद्दाम आकडे फिरवले, अशी शंका पहिल्यांदा येते. प्रत्यक्षात मात्र बहुतेक वेळा दोष असतो तो कोऱ्या राहिलेल्या चौकटींचा अर्थ लावण्यात.

महाविद्यालयांचे समाजशास्त्र विभाग, स्वयंसेवी संस्था, गृहनिर्माण सोसायट्या, नागरिकांचे गट असे अनेक जण आजही कागदी प्रश्नावल्या भरून घेतात. भरलेल्या कागदांची मोबाईलवर छायाचित्रे काढली जातात आणि ती समोर ठेवून कोणीतरी एक्सेलच्या तक्त्यात उत्तरे उतरवतो. हे काम कारकुनी समजले जाते आणि सहसा सर्वांत नवख्या कार्यकर्त्याकडे सोपवले जाते. कागदावरची खूण पाहून तक्त्यात आकडा टाकायचा, यात कौशल्य ते काय, असे वाटणे साहजिक आहे. परंतु माणसाच्या उत्तराचे आकड्यात रूपांतर होते ते नेमके याच टप्प्यावर, आणि येथे झालेली चूक पुढच्या कोणत्याही आलेखात दिसत नाही.

ही प्रक्रिया समजून घेण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. वस्तीतील २४० घरांत पाणीपुरवठ्याची पाहणी झाली. प्रत्येक प्रश्नावली दोन कागदांची, म्हणजे पाठपोट चार पानांची. सहावा प्रश्न असा होता : 'तुमच्या घरी टँकरचे पाणी घेतले जाते का?' सातवा प्रश्न : 'घेत असल्यास, टँकर ठरलेल्या वेळी येतो का?' दोन्ही प्रश्नांपुढे 'होय' आणि 'नाही' अशा दोन चौकटी. शेवटच्या पानावर 'पाण्याविषयी आणखी काही सांगायचे आहे का?' असा प्रश्न आणि खाली चार कोऱ्या ओळी.

आधी पाने मोजा

काम सुरू होते ते छायाचित्रे काढण्याआधीच. प्रत्येक प्रश्नावलीला क्रमांक द्यावा लागतो आणि तो केवळ पहिल्या पानावर नव्हे, तर चारही पानांवर लिहावा लागतो. छायाचित्रात पाने सुटी होतात. तिसऱ्या पानावर क्रमांक नसेल, तर ते कोणाचे हे नंतर ओळखण्यास हस्ताक्षराखेरीज आधार उरत नाही. हाच क्रमांक छायाचित्राच्या फाईलच्या नावातही यावा लागतो. W04_117_3.jpg या नावावरून चौथ्या गल्लीतील ११७ क्रमांकाच्या प्रश्नावलीचे हे तिसरे पान, हे लगेच कळते. तक्त्यातही प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हाच क्रमांक असला, म्हणजे कोणत्याही आकड्यावरून मूळ पानापर्यंत परत जाता येते.

आपल्या उदाहरणात २४० प्रश्नावल्यांची मिळून ९६० छायाचित्रे असायला हवीत. ती भरली ९४२. म्हणजे १८ पाने कॅमेऱ्यासमोर आलीच नाहीत. घाईत पान उलटायचे राहून जाते किंवा दोन कागद एकमेकांना चिकटून उलटले जातात. ही मोजणी करायला एक मिनिट लागते, पण ती केली नाही तर या १८ घरांची उत्तरे तक्त्यात कोरी राहतात आणि ती घरे गप्प बसली, असा समज होतो.

कोरेपणाचे चार प्रकार

तक्त्यात प्रत्येक प्रश्नाला एक रकाना आणि प्रत्येक प्रश्नावलीला एक ओळ असते. उत्तरे शब्दांत न लिहिता ठरावीक आकड्यांत, म्हणजे कोडमध्ये टाकली जातात. 'होय'साठी 1 आणि 'नाही'साठी 2, इतके सर्वांनाच सुचते. खरा प्रश्न पुढे येतो. चौकटीत खूणच नसेल तर काय टाकायचे?

खूण नसण्याची किमान चार निरनिराळी कारणे असू शकतात. पहिले, तो प्रश्न त्या घराला लागूच नव्हता. जे टँकरचे पाणी घेत नाहीत, त्यांनी सातवा प्रश्न सोडून देणे हेच योग्य होते. दुसरे, प्रश्न लागू होता, पण उत्तर देणाऱ्याने तो मोकळा सोडला. तिसरे, पानाचे छायाचित्रच नाही किंवा ते इतके अंधूक आहे की काही दिसत नाही. चौथे, दोन्ही चौकटींत खुणा आहेत आणि त्यांतील कोणती खरी ते ठरवता येत नाही. येथे चौकट कोरी नसली, तरी उत्तर कोरेच राहते. या चारही परिस्थितींना वेगवेगळे कोड हवेत. उदाहरणार्थ, लागू नाही 8, उत्तर दिले नाही 9, वाचता येत नाही किंवा पान उपलब्ध नाही 7 आणि दोन्हींवर खूण 6. तक्त्यातील एकही घर रिकामे ठेवायचे नाही, हा या पद्धतीचा मूळ नियम. घर रिकामे दिसले, की त्याचा अर्थ एकच : ते भरायचे राहिले आहे.

आता आपल्या उदाहरणाकडे वळू. २४० पैकी १५० घरे टँकरचे पाणी घेतात, ९० घेत नाहीत. सातव्या प्रश्नाला १५० पैकी ६३ घरांनी 'होय' आणि ५७ घरांनी 'नाही' म्हटले. उरलेल्या ३० घरांची खूण सापडली नाही. पहिल्या कार्यकर्त्याने सोपी पद्धत वापरली : 'होय' असेल तेथे 1 आणि बाकी सर्वत्र 0. त्यामुळे ५७ खऱ्या 'नाही'मध्ये खूण नसलेली ३० घरे मिसळली आणि टँकरशी संबंधच नसलेली ९० घरेही मिसळली. बेरीज झाली १७७. ती २४० च्या ७४ टक्के. म्हणजे टँकर वेळेवर येत नाही असे 'सांगणाऱ्या' १७७ घरांपैकी १२० घरांनी तसे काहीही सांगितले नव्हते.

दुसऱ्या व्यक्तीने वर सांगितलेले कोड वापरले. तिच्या तक्त्यात ९० घरांपुढे 8 आला आणि ती घरे हिशेबाबाहेर गेली. उरलेल्या ३० पैकी १८ घरांपुढे 7 आला, कारण त्यांचे तिसरे पानच नव्हते. १२ घरांपुढे 9 आला. मूळ कागदांचे गठ्ठे शिल्लक असल्याने १८ पाने शोधून त्यांची छायाचित्रे नव्याने काढता आली. त्यांत ६ 'होय' आणि १२ 'नाही' निघाले. आता उत्तर देणारी घरे १३८ झाली. त्यांपैकी ६९ 'होय' आणि ६९ 'नाही', म्हणजे बरोबर निम्मी. उत्तर न देणारी १२ घरे काय म्हणाली असती, हे सांगता येत नाही. पण त्या सर्वांनी 'होय' म्हटले असते तर 'नाही'चे प्रमाण ४६ टक्के आणि सर्वांनी 'नाही' म्हटले असते तर ५४ टक्के झाले असते. खरे चित्र या दोन आकड्यांच्या आत आहे, इतके प्रामाणिकपणे म्हणता येते. पहिल्या तक्त्यावरून हेही म्हणता आले नसते, कारण 0 च्या मागे काय दडले आहे ते त्यातून पुसले गेले होते.

असा घोळ तक्ता तयार झाल्यावर पकडता येतो का? येतो. दोन प्रश्न एकमेकांशी जोडलेले असतील, तर त्यांची उत्तरेही जुळली पाहिजेत. सहाव्या प्रश्नाचे उत्तर E रकान्यात आणि सातव्याचे F रकान्यात असेल, तर पुढील सूत्राचे उत्तर शून्य यायला हवे :

```
=COUNTIFS(E2:E241,2,F2:F241,"<>8")
```

टँकर घेत नाही असे म्हणूनही सातव्या प्रश्नापुढे 'लागू नाही' हा कोड नसलेली घरे किती, हे या सूत्राने कळते. शून्याऐवजी तीन किंवा चार आले, तर त्या ओळी शोधून छायाचित्रे पुन्हा पाहावी लागतात. कधी चूक नोंद करणाऱ्याची असते, तर कधी उत्तर देणाऱ्यानेच परस्परविरोधी खुणा केलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारात खूण 'दुरुस्त' करायची नसते. कागदावर जे आहे तेच तक्त्यात राहते आणि शेरा वेगळ्या रकान्यात जातो.

टिक, फुली आणि पाठीमागची सावली

कोड ठरले तरी खुणा वाचण्याचे काम उरतेच. सूचनेत 'चौकटीत खूण करा' असे लिहिले असले, तरी लोक टिक करतात, फुली मारतात, शब्दाभोवती गोल काढतात किंवा नको तो पर्याय खोडून टाकतात. यांत फुली सर्वांत फसवी. शाळेच्या वहीत फुली म्हणजे चूक; मतपत्रिकेची सवय असलेल्या पिढीला मात्र फुली म्हणजे पसंती. एकाच चौकटीकडे पाहून याचा उलगडा होत नाही. त्यासाठी त्या व्यक्तीची संपूर्ण प्रश्नावली पाहावी लागते. तिने सर्वत्र फक्त फुल्याच मारल्या असतील, तर फुली म्हणजे निवड. काही ठिकाणी टिक आणि काही ठिकाणी फुली असेल, तर फुली म्हणजे नकार. हा नियम आधीच लिहून ठेवला नाही, तर दोन नोंदणीकार एकाच कागदातून दोन उत्तरे काढतात.

छायाचित्रामुळे आणखी एक अडचण निर्माण होते. पातळ कागदावर शाईच्या पेनाने केलेली खूण पाठच्या बाजूला उमटते आणि चौकटीत फिकट टिक असल्याचा भास होतो. ती ओळखण्याची युक्ती सोपी आहे. टिकची लांब रेघ सहसा उजवीकडे वर जाते. पाठीमागून उमटलेली टिक आरशातल्यासारखी उलटी, म्हणजे डावीकडे वर जाणारी दिसते. शंका आली, की त्याच प्रश्नावलीच्या मागच्या पानाचे छायाचित्र उघडून त्या जागी खूण आहे का ते पाहावे. घडीच्या सावलीत किंवा दिव्याच्या चकाकीत चौकट लपली असेल, तर अंदाज न करता 7 टाकून पुढे जावे.

अंकांचा गोंधळ खास आपल्याकडचा आहे. देवनागरी १ आणि इंग्रजी 9 हस्ताक्षरात जवळजवळ सारखेच दिसतात. घरातील माणसांच्या संख्येपुढे असा अंक असेल, तर एक की नऊ? येथेही त्याच कागदावरचे इतर अंक पाहावे लागतात. वय किंवा तारीख देवनागरीत लिहिली असेल, तर हा अंकही बहुधा देवनागरीच. शिवाय तक्त्यात अंक इंग्रजीतच टाकलेले बरे; देवनागरी अंकांना एक्सेल अनेकदा मजकूर समजतो आणि बेरजेत धरत नाही. आणि 'पाणी किती तास येते?' याचे 1-2 हे उत्तर जसेच्या तसे टाकले, तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतो. म्हणून त्या रकान्याचे स्वरूप आधीच 'टेक्स्ट' असे ठरवावे लागते.

चार ओळींतले म्हणणे

चौकटींचे काम नियमांनी निभावते. शेवटच्या चार ओळींत लोकांनी लिहिलेले शेरे मात्र वेगळ्या जातकुळीचे असतात. 'पाणी रात्री दोनला येते, झोप होत नाही, सकाळी कामावर जायचे असते.' 'टँकरवाला ओळखीच्यांना आधी देतो.' 'पाणी चांगले आहे पण पुरत नाही.' अशा शेऱ्यांची मोजणी कशी करायची?

पहिली पायरी म्हणजे शेरा शब्दशः उतरवणे. व्याकरण सुधारायचे नाही, बोली प्रमाण करायची नाही आणि सारांशही करायचा नाही. न लागलेल्या शब्दाच्या जागी [अवाच्य] असे लिहावे. 'पाणी … नाही' या वाक्यातील मधला शब्द 'पुरत' आहे की 'मिळत', यावर सारा अर्थ अवलंबून असतो; संदर्भावरून तो भरण्याचा मोह आवरावा लागतो.

दुसरी पायरी, शेऱ्यांतूनच विषयांची यादी तयार करणे. यासाठी साधारण पन्नास शेरे वाचले जातात, पण ते गठ्ठ्यातील पहिले पन्नास नसावेत. ते एकाच गल्लीचे असतात आणि त्या गल्लीची तक्रार साऱ्या वस्तीची वाटू लागते. सर्व गठ्ठ्यांतून विखुरलेले शेरे घेतले, की पाणी अवेळी येणे, अपुरे असणे, गढूळ असणे, वाटपात पक्षपात असे विषय दिसू लागतात. एका शेऱ्यात दोन विषय असू शकतात. म्हणून प्रत्येक विषयाला स्वतंत्र रकाना ठेवून, तो विषय आला असेल तर 1, आला नसेल तर 0 टाकतात. येथे 0 चालतो, कारण शेरा पूर्ण वाचल्यानंतरच तो टाकला जातो. ज्यांनी शेराच लिहिला नाही, त्यांच्यापुढे मात्र येथेही 9 च.

तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. तेच पन्नास शेरे दोन व्यक्तींनी एकमेकांशी न बोलता कोड करायचे असतात. समजा, 'पाणी अवेळी येते' हा विषय १४ शेऱ्यांत दोघांनाही दिसला आणि २८ शेऱ्यांत दोघांनाही दिसला नाही. उरलेल्या ८ शेऱ्यांबाबत मतभेद झाले. म्हणजे ५० पैकी ४२ ठिकाणी, ८४ टक्के एकमत. हा आकडा दिसतो त्याहून कमी भक्कम आहे, कारण दोघांनी डोळे मिटून कोड टाकले असते, तरी काही ठिकाणी योगायोगाने जुळलेच असते. हा योगायोग वजा करणारे 'कप्पा' नावाचे मोजमाप जेकब कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडले. आठ मतभेदांपैकी पाच ठिकाणी फक्त पहिल्या व्यक्तीने आणि तीन ठिकाणी फक्त दुसरीने हा विषय नोंदवला असेल, तर योगायोगाचे एकमत सुमारे ५४ टक्के आणि कप्पा सुमारे ०.६५ येतो. पूर्ण एकमत असते तर तो १ आला असता.

या आकड्यापेक्षाही मोलाचे असतात ते आठ शेरे. ते समोर घेऊन बसले, की मतभेदाचे मूळ सापडते. 'रात्री दोनला येते' असे कोणी नुसते नोंदवले, तक्रार केली नाही, तर त्याला 'अवेळी' म्हणायचे का? एकाच्या मते होय, दुसऱ्याच्या मते नाही. दोन्ही बाजू रास्त असतात. निर्णय एक घ्यावा लागतो, तो कोड-यादीत उदाहरणासह लिहावा लागतो आणि आधी झालेले शेरे नव्या व्याख्येने पुन्हा तपासावे लागतात.

आधी ठरवलेली यादी नसेल तर काय होते, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्राच्याच संदर्भात घडले. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेतील इतर मागासवर्गीयांची माहिती मिळावी, यासाठी राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्यावर केंद्राने २०२१ मध्ये प्रतिज्ञापत्र सादर केले. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती होत्या, तर या गणनेत ४६ लाखांहून अधिक नावे नोंदली गेली, असे त्यात म्हटले होते. एकट्या महाराष्ट्रात ४,२८,६७७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. एकाच जातीचे नाव प्रगणकांनी निरनिराळ्या प्रकारे लिहिले होते, हे त्यामागचे एक कारण होते. ही गणना कागदावर नव्हे, हातातील यंत्रावर झाली होती. पण दोष यंत्राचा नव्हता, यादीच्या अभावाचा होता. माहिती वापरण्याजोगी नसल्याची केंद्राची भूमिका होती आणि डिसेंबर २०२१ मध्ये राज्याची याचिका फेटाळली गेली. याउलट, २०११ च्या जनगणनेत मातृभाषेची १९,५६९ नावे आली होती. भाषातज्ज्ञांच्या छाननीनंतर त्यांच्या १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या आणि १,४७४ नावे 'अवर्गीकृत' म्हणून वेगळी ठेवली गेली. जे बसत नाही ते बळेच कोंबायचे नाही, हे येथेही पाळले गेले.

दोनदा नोंद, एकदा पडताळा

सर्व नोंद झाल्यावरही बोटांच्या चुका राहतात. त्यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे दुहेरी नोंद. दोन व्यक्ती तीच छायाचित्रे स्वतंत्रपणे दोन तक्त्यांत उतरवतात आणि संगणक दोन्हींची घरोघर तुलना करतो :

```
=IF(First!F2=Second!F2,"",1)
```

जेथे 1 दिसेल तेथे छायाचित्र पुन्हा उघडायचे आणि निर्णय घ्यायचा. वेळ कमी असेल, तर निदान दहातील एक प्रश्नावली अशी तपासतात. मात्र या उपायाची मर्यादाही ओळखली पाहिजे. दुहेरी नोंदीने हाताची चूक पकडली जाते, नियमाची नाही. कोरी चौकट म्हणजे 'नाही' असे दोघांनाही सांगितले असेल, तर दोन्ही तक्ते तंतोतंत जुळतील आणि दोन्ही चुकीचे असतील.

म्हणूनच तक्त्यासोबत कोड-यादी आणि क्रमवार छायाचित्रेही जपून ठेवावी लागतात. त्यांत लोकांची नावे आणि फोन क्रमांक असल्याने ते पान वेगळे, मोजक्यांच्याच हाती राहील अशा ठिकाणी ठेवणे हेही या कामातच मोडते.

एखाद्या पाहणीचा निष्कर्ष वाचताना नागरिकालाही एक प्रश्न विचारता येतो : हे टक्के किती जणांपैकी, आणि उत्तर न देणाऱ्यांना कोठे धरले? वस्तीसाठी जादा टँकर मागायला गेलेल्या शिष्टमंडळाला पालिकेच्या अधिकाऱ्याने हेच विचारले, तर ७४ टक्क्यांचा तक्ता तेथेच कोसळेल. '१५० पैकी १३८ घरांनी उत्तर दिले, त्यांतील ६९ घरांना टँकर वेळेवर मिळत नाही', हे विधान आकड्याने लहान आहे, पण ते उभे राहते.